पुढची गाडी एक मिनिटावर

त्याची-माझी ओळख बिलांवरून झाली. तो खरेदी विभागात, मी लेखा विभागात. त्याच्या विभागाने मागवलेल्या मालाची बिलं माझ्याकडे यायची. मी ती तपासायची, बरोबर असली तर पैसे सोडायची, नसली तर परत पाठवायची. 'कृपया मालाची पोच जोडावी' एवढंच माझं त्याच्याशी बोलणं, तेही मेलवर. आवाज फोनमुळे माहीत होता, चेहरा माहीत नव्हता. आमच्यामध्ये दोन मजले होते.

मग एका सकाळी मेट्रोच्या फलाटावर शेजारच्या माणसाच्या गळ्यात आमच्या ऑफिसची पट्टी दिसली. ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण त्याचं एक बिल मी आदल्या संध्याकाळी तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं. त्यानेही माझं नाव वाचलं. दोघांनी मान हलवली आणि पुढची कितीतरी स्थानकं दाराबाहेरच्या अंधाराकडे बघत काढली.

गर्दीत अनोळखी माणसाशी कसं वागायचं, हे शहर आपल्याला आपोआप शिकवतं. एक ओझरती नजर टाकायची आणि लगेच काढून घ्यायची. स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये अशा माणसांबद्दल लिहिलं आहे, जी रोज त्याच फलाटावर दिसतात पण ज्यांच्याशी आपण कधी बोलत नाही. जितके जास्त दिवस न बोलता जातात तितकं बोलणं अवघड होत जातं, असं त्याचं निरीक्षण होतं. आणि तीच दोन माणसं नेहमीच्या जागेपासून लांब कुठे भेटली, तर पटकन बोलू लागतात. आमची गंमत अशी की आम्हाला ही सोय नव्हती. फलाटावर गप्प राहिलो तरी अर्ध्या तासाने मेलवर भेटणारच होतो. शेवटी त्यानेच एकदा विचारलं, "तुम्ही पोच नसलेलं एखादं तरी बिल कधी सोडलंत का हो?" मी म्हटलं, "तुम्ही पोच लावून कधी पाठवलंत का?" तिथून बोलणं सुरू झालं.

आता गर्दीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एडवर्ड हॉल नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसामाणसांतल्या अंतराची मोजदाद मांडली. साधारण दीड फुटाच्या आतली जागा आपण फक्त अगदी जवळच्या माणसाला देतो, असं तो म्हणतो. सकाळच्या मेट्रोत हे दीड फूट कुणालाच मिळत नाही. कुणाचं कोपर बरगडीत, कुणाची बॅग पाठीवर, आणि त्यातून जो तो स्वतःला वाचवतो ते अंग आखडून, नजर छताकडे लावून आणि शेजारचा माणूस जणू तिथे नाहीच असं समजून. म्हणजे गर्दीतल्या जवळिकीला अर्थ नसतो, नव्हे, तो काढायचाच नसतो. कुणी खेटून उभं आहे म्हणून त्याला काही वाटतंय असं होत नाही. आणि ज्यांना तसा अर्थ काढायची हौस असते, त्यांच्यापासून आम्हा बायकांना रोज सावध राहावं लागतं.

मग ऑफिसातला एक माणूस रोज शेजारी उभा राहायला लागला की तो कसा आहे हे ओळखायचं कशावरून? मी एक खूण धरली होती. आमच्या वाटेवर गाडी बदलायचं एक मोठं स्थानक आहे. तिथे निम्मा डबा उतरतो आणि अचानक हातपाय हलवायला जागा होते. गर्दी ओसरल्यावर माणूस कुठे उभा राहतो, ते मी बघायची. गर्दी असताना जवळ असणं हा नाइलाज. गर्दी गेल्यावर जवळ असणं ही निवड. तो दर वेळी, दार बंद व्हायच्या आत, एक अख्खं पाऊल मागे सरकायचा. बोलणं मध्येच तोडायचा नाही, बोलता बोलताच सरकायचा, जणू पायांना ती सवय होती.

आणखी एक गोष्ट. माझी उंची कमी. वरच्या आडव्या दांडीला धरलं तर मी टाचांवर राहात नाही, चवड्यांवर येते, आणि गाडीने ब्रेक लावला की समोरच्यावर आदळते. दाराजवळचा उभा खांब मला सोयीचा. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. काही दिवसांनी लक्षात आलं की आत शिरल्यावर तो खांबाशी जागा असली तरी वरची दांडी धरतो आणि बॅग पुढे घेतो, म्हणजे खांब माझ्यासाठी मोकळा राहतो. याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर मला त्याचं ओझं झालं असतं.

गाडी सोडून द्यायची विद्या मात्र त्याने मला शिकवली. खचाखच भरलेली गाडी आली की सगळे त्यात घुसायला बघतात. तो म्हणायचा, आधी पाटी बघा. गाडी एकदा उशिरा धावायला लागली की पुढच्या प्रत्येक फलाटावर तिची वाट बघणारे जास्त जमलेले असतात. ते चढेपर्यंत दारं उघडी राहतात, गाडी आणखी थांबते, आणखी उशीर होतो, पुढच्या फलाटावर आणखी माणसं. तिच्या मागून येणारी गाडी मात्र तिला गाठत येते, आणि फलाट आधीच रिकामे झालेले असल्यामुळे ती बरीच मोकळी असते. म्हणून पाटीवर पुढची गाडी एक-दोन मिनिटांवर दिसत असेल तर ही खुशाल सोडावी. नेहमीचं अंतर दिसत असेल तर मुकाट्याने हिच्यात घुसावं, कारण पुढची गाडीही अशीच भरलेली येणार. यालाही मर्यादा आहेच. नियंत्रण कक्षाने मागची गाडी मुद्दाम रोखून धरली, म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर सारखं केलं, की हा फायदा संपतो. आणि पूर्ण मार्गच बंद पडला असेल तर नंतरच्या सगळ्याच गाड्या भरून येतात. तेव्हा कसली विद्या नि कसलं काय.

मी हे नियम चांगले पाठ केले. त्यामुळेच एके दिवशी मला कळलं की आम्ही नियम मोडतोय. पाटीवर पुढची गाडी नेहमीच्या अंतरावर होती, समोरच्या गाडीत उभं राहण्याइतकी जागा होती, आणि तो म्हणाला, "सोडायची का ही?" मी म्हटलं, "हो, भरलीय." नव्हती भरलेली. दोघांनाही दिसत होतं.

तरी यातला मोठा भाग प्रेमाचा नव्हता, बिलांचा होता. आमच्यातला खरा प्रश्न तिथेच होता म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगते. ऑफिसच्या नव्या जागेसाठी त्याच्या विभागाने १२० खुर्च्या मागवल्या. आल्या ११२. पुरवठादाराने बिल लावलं १२० चं. लेखा विभागात आम्ही तीन कागद शेजारी ठेवतो: काय मागवलं, काय आलं आणि कशाचे पैसे मागितले. तिन्हीवरचे आकडे जुळले तरच पैसे सुटतात. इथे पहिला आणि तिसरा कागद जुळत होते, मधला नाही. पुरवठादार त्याच्या मागे लागला होता. उरलेल्या आठ खुर्च्या पुढच्या आठवड्यात येतायत, आत्ता पूर्ण पैसे द्या, नाहीतर त्या येणार नाहीत. संध्याकाळी गाडीत त्याने विषय काढला, "त्या खुर्च्यांचं काही जमेल का?"

मी तिथल्या तिथे सांगितलं, "गाडीत बिलं नकोत." एक कारण उघड होतं. डब्यात आमच्याच ऑफिसातले आणखी कुणी असू शकत होते, पुरवठादाराचं नाव चारचौघांत घेणं बरं नव्हतं. दुसरं मी बोलले नाही. तो माझ्या शेजारी उभा राहून विचारतोय तेव्हा 'हो' म्हणावंसं वाटत होतं. जे मेलवर कधीच वाटलं नसतं ते इथे वाटत होतं, आणि हेच मला खटकलं. दुसऱ्या दिवशी मी ११२ खुर्च्यांचे पैसे सोडले आणि आठांची क्रेडिट नोट मागवली, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून वजा केल्याचा पुरवठादाराचा कागद. त्याला ते गैरसोयीचं गेलं असणार, पुरवठादाराचे फोन त्यालाच घ्यावे लागले. त्या संध्याकाळी तो नेहमीच्या जागी उभा होता आणि त्याच्या बहिणीच्या मांजरीबद्दल बोलला. बिलाचं नाव नाही, टोमणा नाही, मुद्दाम गप्प बसणंही नाही. मला वाटतं मी त्याच्यात गुंतले ती त्या मांजरीच्या गोष्टीत.

पण मला शंका यायची. रोज दिसतो म्हणून आवडतो का? रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेसमोर आली तरी ती आवडू लागते. अर्थात पहिल्यापासून न आवडलेली गोष्ट पुन्हा पुन्हा पाहून आवडेलच असं नाही. तरी हा किती आवडतो आणि याची किती सवय झाली, हे मला वेगळं करता येईना.

त्याने विचारलं ते गाडीत नाही. ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. भरलेल्या डब्यात माणसाला निघून जाता येत नाही. दोन स्थानकांमध्ये कुणी काही विचारलं तर उत्तर देईपर्यंत किंवा दार उघडेपर्यंत तुम्ही तिथेच अडकलेले. शिवाय उत्तर 'नाही' असेल तर उद्या सकाळी तोच फलाट आणि दहा वाजता तेच ऑफिस. तो माझ्या पुढच्या स्थानकाला उतरायचा. त्या दिवशी माझ्या स्थानकाला उतरला, फलाटावर जिन्याच्या बाजूला उभा राहिला, माझी वाट मोकळी ठेवून.

"एक विचारायचंय. उत्तर आज नको. सुट्टीच्या दिवशी, मेट्रो नाही, ऑफिस नाही, अशा ठिकाणी भेटायला तुम्हाला आवडेल का?"

मी काही बोलायच्या आत तोच पुढे म्हणाला, "पुढचा आठवडाभर मी लवकरच्या गाडीने जाणार आहे, काम आहेच. म्हणजे तुम्हाला रोज समोरासमोर यायला नको. नको असेल तर नुसतं 'नको' लिहा, कारण नको. बिलं नेहमीसारखी मेलवर."

ऑफिसात कुणाला असं विचारायचं असेल तर एकदाच विचारावं, असं माझं मत आहे, आणि विचारताना समोरच्याला नकार देणं सोपं करून ठेवावं. पुन्हा पुन्हा विचारलं की ते मन जिंकणं राहात नाही, त्रास देणं होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही. मीच दोनतीन दिवसांनी लवकरची गाडी पकडली. तो फलाटाच्या टोकाला उभा होता. मी म्हटलं, "रविवारी चालेल. आणि 'तुम्ही' पुरे."

रविवारची भेट फजितीच होती. आम्ही कायम एकाच दिशेला तोंड करून, खांद्याला खांदा लावून बोललेलो. टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो तर काय बोलावं सुचेना. मला त्याचा डावा गाल आणि कान अगदी पाठ होता. दोन्ही डोळे एकदम बघायची सवय नव्हती. शेजारी उभं राहून बोलताना नजर चुकवावी लागत नाही, गप्प बसलं तरी चालतं, खिडकीबाहेर काही ना काही सरकत असतं. तासाभराने आम्ही उठून चालायला लागलो आणि बोलणं पूर्ववत झालं. पण समोरासमोरची ती अवघड भेट पार पडली, आणि नंतर तिसऱ्या-चौथ्या वेळेला ती अवघडही राहिली नाही. माझी शंका मिटली ती तिथे. ना गर्दी, ना सवय, ना फलाट, आणि तरी तो आवडतच होता.

आता ऑफिसचं. कधी सांगायचं, यावर आमचा वाद झाला. तो म्हणे, आपण एकमेकांचे वरिष्ठ-कनिष्ठ नाही, विभाग वेगळे, सांगायची गरजच काय. बऱ्याच लोकांना हेच वाटतं, कारण नियम वाचताना डोळ्यांपुढे साहेब आणि हाताखालचा माणूस हीच जोडी येते. पण माल मागवणारा एक आणि पैसे सोडणारा दुसरा, असे दोन हात मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, एकाने दुसऱ्याला पकडावं म्हणून. ते दोन हात एका घरात जाणार असतील तर तपासणी नावापुरती उरते. आम्ही प्रामाणिक असलो तरी ते बाहेरून कुणाला दिसणार नाही. मी म्हटलं, "तुझं पुढचं बिल माझ्या हाताखालून जायच्या आत सांगायचं." पहिल्या भेटीनंतर लगेच धावत जायची गरज नाही, पण नातं आहे हे दोघांनी मान्य केलं की थांबायला कारण उरत नाही.

दोघांनी आपापल्या साहेबांना एकाच दिवशी, वेगवेगळं सांगितलं. माझ्या मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "खुर्च्यांचं बिल तूच कापलं होतंस ना?" मग त्यांनी मनुष्यबळ विभागाकडून हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म मागवला. त्यात थोडेच प्रश्न होते. नात्याचं स्वरूप काय, एकमेकांच्या पगारावर किंवा मूल्यमापनावर अधिकार आहे का, एकाच्या कामाला दुसऱ्याची मंजुरी लागते का. शेवटच्यापुढे आम्ही 'हो' लिहिलं आणि खाली कुठल्या मंजुऱ्या ते लिहिलं. तपशील कुणी मागितला नव्हता, पण नंतर कुणीतरी शोधून काढण्यापेक्षा आपण लिहिलेला बरा.

त्यानंतर खरेदी विभागाची बिलं माझ्या लॉगिनमधून काढून एका सहकाऱ्याकडे गेली. नुसतं 'तू आता ती बघू नकोस' असं तोंडी सांगून भागत नाही. प्रणालीतला मंजुरीचा अधिकारच काढावा लागतो, नाहीतर रजेच्या दिवसांत बिलं फिरून परत आपल्याच टेबलावर येतात. मी आधी सोडलेल्या बिलांपैकी काही अंतर्गत लेखापरीक्षकांनी काढून तपासली. ते दिवस मला जड गेले. चूक काही नव्हती, पण आपण केलेलं काम कुणी या नजरेने उलगडून बघतंय, हे अंगावर येतं. परीक्षकांनी खुर्च्यांची फाइल परत देताना फक्त एवढंच विचारलं, "आठ खुर्च्या आल्या का शेवटी?" आल्या होत्या.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही आणि मी तसं बोलले. बदल करायचा तर तो माझ्याच कामात झाला. तपासणाऱ्याला हलवणं सोपं, म्हणून तपासणारी हलली. खरेदीची बिलं हा माझ्या कामाचा सगळ्यात मोठा आणि दिसणारा भाग होता. तो गेला की वर्षअखेरीच्या मूल्यमापनात माझी पाटी अर्धी कोरी दिसणार. मी मॅडमकडून लेखी घेतलं की हा बदल माझ्या कामगिरीमुळे नाही, आणि त्याऐवजी कंपनीच्या मालमत्तेच्या नोंदवहीचं काम मागून घेतलं. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी हे मागावंच, कारण आपणहून कुणी देत नाही.

कुजबुज झाली, पण वाटली होती त्यापेक्षा कमी. आमच्याच मार्गावरून येणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की त्यांना केव्हाचं माहीत होतं. मोकळी गाडी सोडून देणारी माणसं फलाटावर लगेच ओळखू येतात म्हणे.

आता आम्ही एकाच स्थानकाला उतरतो. हितसंबंधाचा फॉर्म दर वर्षी नव्याने भरायचा असतो, त्यात यंदा नात्याच्या रकान्यात नवा शब्द लिहिला. गाडीत बिलं काढायची नाहीत हा नियम अजून आहे. पण माझ्या जागी आलेला सहकारी माझ्यापेक्षा कडक निघालाय, पोचपावतीवर सही अस्पष्ट असली तरी तो बिल परत पाठवतो. परवा वरच्या दांडीला लटकून माझा नवरा म्हणाला, "तो तुमचा नवीन माणूस आहे ना..." मी म्हटलं, "मांजरीचं बोल."